जेवलं की पाठीत निघणारी कळ

माझ्या पोटदुखीला वेळापत्रक होतं. शाळेची मोठी सुट्टी झाली, डबा खाल्ला, की पाचवा तास रंगात यायच्या आत बेंबीच्या वर, बरगड्यांच्या बेचक्यात कळ उठायची. आधी नुसता जडपणा, मग दाब, आणि मग ती कळ आत आत शिरत थेट पाठीत निघायची. पाठीत म्हणजे कंबरेत नाही. ब्लाउजची मागची पट्टी येते ना, तिच्या जरा खाली, अगदी मणक्यावर. पुढून एक बोट आणि मागून एक बोट ठेवलं तर दोन्ही बोटं समोरासमोर येतील, अशी ती जागा. तास-दोन तास, कधी संध्याकाळपर्यंत राहायची. खुर्चीत टेकून बसवत नसे. मी टेबलावर दोन्ही कोपर टेकून पुढं वाकून वह्या तपासायची, म्हणजे जरा सुसह्य व्हायचं.

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडं पोट दुखलं की पहिलं नाव पित्ताचं निघतं. गावातल्या डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल दिलं, ते सकाळी उपाशीपोटी घेत होते. घरी सासूबाईंचं ओव्याचं पाणी चालू होतं, शेजारच्या काकू जिरं-बडीशेप सांगून गेल्या. पाठीसाठी वेगळा मलम होता, कारण पाठ आणि पोट ही दोन दुखणी आहेत असंच सगळे धरून चालले होते. 'शाळेत उभं राहून राहून पाठ धरते,' हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल, सांगता येत नाही.

वेळ अमावास्येला मात्र हद्द झाली. आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, वर तूप. बांधावर बसून आग्रह करकरून वाढतात, आणि नाही म्हटलं की माणसं रुसतात. मीही पोटभर जेवले. ऊन कलायच्या आत अशी कळ आली की कडब्याच्या गंजीला टेकून बसवेना, आडवं तर मुळीच होववेना. उलट्या सुरू झाल्या आणि उलटी होऊनही आराम नाही. यांनी मोटारसायकलवर मधे बसवून तालुक्याला नेलं. तिथं आधी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी काढला. ते बरोबरच होतं. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका कधी कधी पोटाच्या वरच्या भागात दुखण्यासारखा येतो, आणि ते आधी नाकारावं लागतं. पट्टी चांगली निघाली. सलाईन, दुखण्याचं आणि उलटीचं इंजेक्शन, आणि 'जड खाऊ नका' एवढं सांगून सकाळी घरी पाठवलं.

त्या रात्री रक्तातलं लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं पाचकद्रव्य, कुणी तपासलं नाही. पुढं लातूरच्या डॉक्टरांनी फाईल चाळताना सगळ्यात आधी तोच कागद शोधला. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागं असलेली, पाचक रस करणारी ग्रंथी. तिला अचानक सूज आली की तिची पाचकद्रव्यं रक्तात सांडतात, आणि लायपेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त झालं तर निदान बऱ्यापैकी पक्कं होतं. पण ही खिडकी थोड्या दिवसांची असते, मग आकडा खाली येतो. माझी खिडकी तशीच बंद झाली.

त्यानंतर मी जेवणालाच भ्यायला लागले. हे लिहिताना आता विचित्र वाटतं, पण समोर ताट आलं की भूक असूनही हात आखडायचा. अर्धी भाकरी, पातळ वरण, बस. सासूबाई म्हणायच्या, "अगं जेव की गं चार घास, हाडं दिसायलेत तुझी." वजन अठ्ठावन्न किलोवरून सेहेचाळीसवर आलं. शिंप्याकडं ब्लाउज आत घ्यायला टाकले तेव्हा स्टाफरूममध्ये एक मैत्रीण कौतुकानं म्हणाली, "मॅडम, काय डाएट करायलाव? आम्हाला पण सांगा की."

लातूरच्या पोटविकार तज्ज्ञांकडं गेलो तेव्हा मी रिपोर्टची पिशवी पुढं केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आधी तुम्ही सांगा. कुठं दुखतं, हात ठेवून दाखवा." मी पुढून पंजा ठेवला आणि दुसरा हात वळवून पाठीवर नेला. ते बघत राहिले. मग एकामागून एक प्रश्न. जेवल्यावर किती वेळानं? रिकाम्या पोटी दुखतं का? उताणं झोपलं की काय होतं? एकादशीला कसं असतं?

या शेवटच्या प्रश्नावर मी अडखळले. आमचं घर माळकऱ्यांचं, एकादशी चुकत नाही. आठवून सांगितलं, की ज्या एकादशीला शाबूची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी असं रीतसर फराळाचं होतं तेव्हा नेहमीपेक्षा जास्त दुखतं. आणि परीक्षेच्या कामात नुसत्या केळ्यावर आणि पाण्यावर निभावलं, तर दिवसभर काहीच नाही.

"मग हे साधं पित्त नाही," ते म्हणाले. आम्लाची जळजळ बहुतेक वेळा छातीकडं वर चढते, औषधानं थोडीफार तरी दबते. लहान आतड्याच्या तोंडाशी जखम असेल तर रिकाम्या पोटी दुखतं आणि चार घास खाल्ले की उलट बरं वाटतं. पित्ताशयातल्या खड्यांची कळ बहुधा उजवीकडं, बरगडीखाली, आणि तिथून उजव्या खांद्याच्या पात्याकडं जाते. माझं सगळं मधोमध होतं, जेवणानं वाढणारं, तेल-तुपानं आणखी वाढणारं, सरळ मागं मणक्यावर जाणारं आणि पुढं वाकलं की उतरणारं. अर्थात जठराच्या किंवा आतड्याच्या मागच्या भिंतीतली जखमही पाठीत दुखू शकते, म्हणून त्यांनी आधी दुर्बीण घालून बघितलं. जखम नव्हती.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्यानं मला कानकोंडं झालं. "शौचाला कसं होतं? भांड्याला चिकटतं का? वर तरंगतं का?" होत होतं. दोन-दोन बादल्या पाणी ओतावं लागायचं, पाण्यावर तेलकट तवंग दिसायचा, वास असह्य. पण ही गोष्ट मी कुणाला सांगितलीच नव्हती, आणि सांगायची असते हेही माहीत नव्हतं. खाल्लेली चरबी पचत नसेल तर ती अशीच बाहेर पडते. स्वादुपिंडात राखीव ताकद इतकी असते की चरबी पचवणारं लायपेज दहा टक्क्यांच्या खाली येईपर्यंत मल असा तेलकट होत नाही. म्हणजे मला ते दिसायला लागलं तेव्हा आतलं काम बरंच संपलेलं होतं.

पुढचा प्रश्न दारूचा. हेही विचारावंच लागतं, कारण या आजाराचं ते मोठं कारण आहे, आणि बिडी-सिगारेटही. पण माझ्या शेजारी सासूबाई तुळशीची माळ घालून बसलेल्या. त्या डॉक्टरांकडं अशा बघायला लागल्या की मलाच हसू आलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की आपल्या देशात दारूचा थेंबही न घेतलेल्या, अगदी तरुण माणसांनाही हा आजार होतो आणि पुष्कळदा कारण सापडत नाही. माझ्या रक्तातलं कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइड तपासलं, दोन्ही नीट होतं. पित्तात खडे नव्हते. तरी नंतर गावात आजाराचं नाव फुटलं तेव्हा एक-दोघांनी यांना कोपऱ्यात घेऊन 'वहिनी घेतात का काही' असं विचारलंच. बाईला आजार झाला की आधी तिची चौकशी होते, मग आजाराची.

माझ्या पिशवीत सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट होते आणि दोन्हींत 'नॉर्मल' लिहिलेलं. डॉक्टरांनी पेनानं एका ओळीखाली रेघ मारून दाखवली. पोटात वायू असल्यामुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही फक्त शेवटची ओळ वाचत होतो. जठर आणि आतड्याच्या मागं हे पिंड दडलेलं असतं, आणि सोनोग्राफीच्या लहरी वायूतून पलीकडं जात नाहीत. 'दिसलं नाही' आणि 'चांगलं आहे' यात फरक आहे. रक्तातलं लायपेजही आता तपासलं तर नॉर्मल आलं, आणि त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. जुनाट आजारात पिंड इतकं वाळलेलं असतं की सांडायलाच फारसं काही उरत नाही. चांगला आकडा बघून आजार नाही म्हणणं इथं चालत नाही.

शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन झाला, आणि चित्रात जे दिसलं ते मलाही कळलं. पाठीच्या मणक्याच्या अगदी पुढ्यात आडवं पसरलेलं पिंड, त्यात पांढरे ठिपके विखुरलेले. पिंडाच्या डोक्याकडच्या भागात, रस वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी नऊ मिलिमीटरचा एक खडा, आणि त्याच्या मागची नळी आठ मिलिमीटरपर्यंत फुगलेली. ती साधारण तीनच्या आसपास असायला हवी. जुनाट स्वादुपिंडदाह, इंग्रजीत क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस.

जेवल्यावरच का, हे कोडं त्या चित्रानं सुटलं. हाताच्या वितीपेक्षा थोडं लहान हे पिंड रोज लिटर-दीड लिटर पाचक रस करतं. अन्न, त्यातही तेल-तूप आणि प्रथिनं, जठरातून पुढं सरकली की आतड्यातून एक संप्रेरक सुटतं. ते पिंडाला सांगतं, रस सोड. पिंड रस सोडतं, पण तोंडाशी खडा. आमच्या शेतात ठिबक आहे आणि बोअरचं पाणी जड. उन्हाळ्यात नळीच्या छिद्रांत पांढरा क्षार बसतो, मोटार चालू केली की पाणी पुढं जात नाही आणि मागची नळी टरटरून फुगते. मोटार बंद, की नळी सैल. माझ्या पिंडात हेच होत होतं, आणि गंमत म्हणजे तो क्षारही तोच, कॅल्शियम कार्बोनेट. जेवण म्हणजे मोटार चालू करणं. उपाशी राहिले की मोटार बंद, म्हणून दुखणं नाही. फक्त ठिबकमध्ये आपण ॲसिड सोडून नळी धुतो, ते इथं करता येत नाही.

आणि पाठच का? पोटातले बरेचसे अवयव पुढं पिशवीत मोकळे असतात, पण स्वादुपिंड त्या पिशवीच्या मागं, पाठीच्या भिंतीला लागून असतं. त्याच्या वेदनेचे तंतू मणक्याच्या पुढ्यातल्या नसांच्या एका मोठ्या जाळ्यातून जातात आणि छातीच्या मधल्या-खालच्या मणक्यांच्या पातळीला पाठीच्या कण्यात शिरतात. त्याच पातळीला पोटाच्या वरच्या भागाच्या आणि पाठीच्या नसाही येतात, म्हणून मेंदूला दुखणं दोन्हीकडं वाटतं. उताणं झोपलं की सुजलेलं पिंड मणक्यावर ताणलं जातं, पुढं वाकलं की तो ताण कमी होतो. माझं ते टेबलावर कोपर टेकून बसणं हे निदानातलं एक लक्षण होतं, आणि मी त्याला वह्या तपासायची सवय समजत होते.

पाठीत जाणारी प्रत्येक पोटदुखी म्हणजे हाच आजार असं मात्र नाही. डॉक्टरांच्या मनात आणखी एक भीती होती आणि ती त्यांनी लपवली नाही. असंच पाठीत जाणारं दुखणं, उतरतं वजन, हे स्वादुपिंडाच्या कर्करोगातही असतं. त्यात वय पन्नाशीच्या पुढं असेल, नव्यानंच साखर निघाली असेल, डोळे पिवळे होत असतील, तर एक दिवसही थांबू नये असं ते म्हणाले. माझ्या स्कॅनमध्ये गाठ नव्हती. तरी खात्रीसाठी दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी करायला लावली. ती जठराच्या आतून, पिंडाला खेटून बघते, त्यामुळे वायूचा अडथळा येत नाही. तिथंही गाठ नाही निघाली, तेव्हा कुठं यांनी बाहेर जाऊन चहा प्यायला.

खड्याच्या उपचारासाठी हैदराबादला गेलो. आमच्या भागातून मोठ्या आजाराला पुण्याइतकीच माणसं हैदराबादला जातात, वॉर्डात मराठी बोलणारे शेजारी भेटले. नऊ मिलिमीटरचा कडक खडा दुर्बिणीनं थेट निघत नाही. आधी बाहेरून, मूतखड्याला देतात तसल्याच, लहरींचे हजारो झटके देऊन त्याचा चुरा करतात. कंबरेतून भूल दिलेली असते, त्यामुळे फक्त टकटक ऐकू येत होती. चुरा पुरेसा बारीक झाला की तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड उघडतात, चुरा काढतात आणि एक बारीक प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात. तो स्टेंट कायमचा नसतो. बुजतो, म्हणून ठरावीक काळानं बदलावा किंवा काढावा लागतो, आणि ती तारीख टाळली तर ताप आणि दुखणं परत येतं. तिथल्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की याचा उपयोग झाला नाही तर शस्त्रक्रियेचा पर्याय आहे, त्यात नळी लांब उघडून आतड्याला जोडतात, आणि तो निर्णय फार लांबवत बसू नये. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की नसाच हळव्या होतात, मग अडथळा काढूनही त्या दुखत राहतात.

माझं दुखणं बरंच उतरलं. पूर्ण गेलं नाही.

पण खडा काढल्यानं मेलेलं पिंड जिवंत होत नाही. मलाची इलास्टेज नावाची तपासणी केली होती. दोनशेच्या वर हवी, माझी अडुसष्ट होती. म्हणजे पाचकद्रव्यं आता बाहेरूनच घ्यायची. त्या कॅप्सूल चाळीस हजार युनिटच्या, मुख्य जेवणाला एक, मधल्या खाण्याला कमी ताकदीची. त्या जेवणाआधी किंवा जेवण झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण लांबलं तर मधेही, कारण ती अन्नात मिसळायला हवी. चावायची नाही. सुरुवातीला फरक कमी पडला तेव्हा डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल परत सुरू केलं. मी म्हटलं, हे तर आधीच खात होते! ते हसले. आता त्याचं काम वेगळं होतं: आम्ल कमी करून कॅप्सूलमधली द्रव्यं आतड्यापर्यंत धड पोचू देणं.

या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं, आणि सांगितलं ते बरं झालं, कारण मागाहून कळलं असतं तर आमच्या घरात काय झालं असतं कुणास ठाऊक. मी घरी येऊन सासूबाईंना तसंच सांगितलं. त्या बराच वेळ माळ ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "औषधाला कसलं सोवळं? पांडुरंगानं अन्न पचवायला दिलंय, पचव." माझ्या डब्यात आता भाकरीच्या फडक्यातच कॅप्सूलची पट्टी असते आणि पाचव्या तासाला मी खुर्चीत टेकून बसते. वजन बावन्नच्या पुढं सरकलंय. तूप एकदम बंद करू नका, असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, कारण मुळात उष्मांक कमी पडत होते. एका वेळी कमी, पण दिवसातून जास्त वेळा, आणि प्रत्येक वेळी कॅप्सूल.

साखरही निघाली आहे, थोडी. पिंडातल्या इन्शुलिनच्या पेशी गेल्या, तशा साखर वर काढणाऱ्या पेशीही गेल्या, त्यामुळे ही साखर नेहमीच्या मधुमेहापेक्षा चंचल असते. पुढंमागं इन्शुलिन लागलं तर ती झपकन खाली यायची भीती जास्त, हे शाळेतल्या सहकाऱ्यांनाही सांगून ठेवलंय. माझ्या धाकट्या भावाला अधूनमधून जेवल्यावर पोट दुखतं, म्हणून त्याला घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्यांनी त्याच्यासमोर पहिल्यांदा तोच प्रश्न टाकला, "हात ठेवून दाखव." त्यानं बेंबीखाली डावीकडं हात ठेवला. शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं, रात्री झोपेत कधी दुखत नाही, वजन भरलेलं. त्याला सीटी स्कॅन सांगितला नाही. जनुकाची तपासणी करावी का, असं मी विचारलं, तर म्हणाले, स्पिंक-१ सारख्या जनुकात बदल सापडले तरी आज त्याच्या उपचारात काही फरक पडणार नाही. बिडी मात्र आजपासून बंद. ती तो घराच्या मागं जाऊन ओढतो, हे मी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यावरून आमचं परत येताना गाडीत भांडण झालं.